पैसे कापले गेले, तिकीट आलं नाही

रविवारच्या नाटकाची दोन तिकिटं. सी रांगेतल्या 11 आणि 12 क्रमांकाच्या खुर्च्या, प्रत्येकी 400 रुपये. प्रेक्षक मोबाइलवर खुर्च्या निवडतो, यूपीआय ॲप उघडतो, पिन टाकतो. बँकेचा एसएमएस येतो की 800 रुपये कापले. नाट्यसंस्थेच्या संकेतस्थळावर मात्र चक्र फिरत राहतं आणि थोड्या वेळाने शब्द उमटतो, `pending`.

या क्षणी संकेतस्थळाकडून दोन चुका होऊ शकतात. पैसे आले नाहीत असं धरून ‘पुन्हा प्रयत्न करा’ म्हटलं, तर प्रेक्षक दुसऱ्यांदा 800 रुपये भरतो. पैसे आलेच असतील असं धरून तिकीट दिलं, तर कधी कधी खुर्ची फुकट जाते. संकेतस्थळ बांधणाऱ्या डेव्हलपरपुढचा प्रश्न असा असतो की खरं काय झालं ते अजून कुणालाच माहीत नाही, आणि तरीही पडद्यावर काहीतरी दाखवायचं आहे. तो हे कसं सोडवतो ते पाहण्याआधी ही अनिश्चितता येते कुठून ते पाहू.

यूपीआयने पैसे भरले की ते सरळ एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जातात, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात आपल्या ॲपची विनंती आधी एनपीसीआयकडे, म्हणजे यूपीआय चालवणाऱ्या राष्ट्रीय संस्थेकडे जाते. एनपीसीआय आपल्या बँकेला पैसे कापायला सांगते. बँकेने ‘कापले’ असं कळवलं की घेणाऱ्याच्या बँकेला ‘जमा करा’ असा निरोप जातो. तिने ‘जमा केले’ म्हटलं की ते उत्तर आल्या वाटेने मागे फिरतं. मग घेणाऱ्याच्या बाजूला असलेल्या पेमेंट गेटवेला हे कळतं आणि गेटवे नाट्यसंस्थेच्या सर्व्हरला कळवतो. या साखळीतल्या प्रत्येक दुव्यावर उत्तर अडकू शकतं. जुन्या मनीऑर्डरमध्ये पैसे गावी पोचायचे, पण पोचपावती आठवडाभर फिरत राहायची, तसंच हे आहे. फरक इतकाच की इथे पावती यायच्या आत खुर्ची कुणाला द्यायची हे ठरवावं लागतं.

गेटवे दुकानदाराला दोन वाटांनी कळवतो. एक वाट ग्राहकाच्या ब्राउझरमधून जाते. पैसे भरून झाले की ग्राहक संकेतस्थळाच्या पानावर परत येतो आणि सोबत निकाल आणतो. पण ही वाट फार कच्ची असते. ग्राहक यूपीआय ॲपमध्ये गेला की फोन मागचं पान बंद करतो, मध्येच फोन येतो, लोकलमध्ये नेटवर्क जातं. दुसरी वाट सर्व्हरकडून सर्व्हरकडे जाते. व्यवहाराची स्थिती बदलली की गेटवे दुकानदाराच्या ठरलेल्या पत्त्यावर स्वतःहून निरोप पाठवतो. त्याला वेबहुक म्हणतात. हा निरोप भरवशाचा असतो, पण तो वेळेवर येईल, एकदाच येईल आणि योग्य क्रमाने येईल, यांपैकी कशाचीही खात्री नसते. रेझरपेसारख्या गेटवेच्या नियमांत हे स्पष्ट सांगितलेलं आहे. दुकानदाराच्या सर्व्हरने पाच सेकंदांत ‘मिळालं’ असं उत्तर दिलं नाही, तर निरोप पुन्हा पाठवला जातो. प्रत्येक वेळी मधलं अंतर वाढत जातं आणि हे 24 तास चालतं. एवढं करूनही उत्तर मिळालं नाही, तर तो वेबहुक बंद केला जातो.

आता घाईघाईत बांधलेल्या संकेतस्थळावर आपल्या दोन तिकिटांचं काय होतं ते पाहू. वेळा समजुतीसाठी घेतल्या आहेत, पण घटनाक्रम या क्षेत्रात काम करणाऱ्या कुणालाही ओळखीचा वाटेल.

संध्याकाळी 7 वाजून 2 मिनिटांनी खुर्च्या राखून ठेवल्या जातात आणि 7:03 ला बँक 800 रुपये कापते. उत्तर अडकतं. 7:05 ला संकेतस्थळ कंटाळतं आणि ‘पेमेंट अयशस्वी’ असं दाखवतं. प्रेक्षक घाबरतो, कारण नाटक हाउसफुल्ल होत आलेलं असतं. तो पुन्हा त्याच खुर्च्या निवडतो. संकेतस्थळ नवी नोंद करतं, गेटवेकडे नवी ऑर्डर बनवतं, आणि या वेळी तो कार्डाने पैसे भरतो. 7:07 ला तिकीट मिळतं. 7:19 ला पहिल्या व्यवहाराचं अडकलेलं उत्तर सुटतं आणि गेटवे `payment.captured` असा वेबहुक पाठवतो, म्हणजे पहिले 800 रुपयेही जमा झाले. सर्व्हर ही नोंद उघडतो, खुर्च्या द्यायला जातो, तर त्या विकल्या गेलेल्या. प्रोग्राम कोलमडतो आणि गेटवेला ‘चूक झाली’ असं उत्तर जातं.

गेटवेच्या लेखी निरोप पोचलेला नाही. तो पुन्हा पाठवतो आणि पुन्हा तेच होतं. दिवसभर हे चालतं आणि शेवटी वेबहुक बंद होतो. एका प्रेक्षकाच्या जादा 800 रुपयांतून सुरू झालेली ही गोष्ट आता सगळ्यांना भोवते. ज्यांचं ब्राउझरचं पान मध्येच बंद पडलं, त्या सगळ्यांचे पैसे येत राहतात आणि तिकिटं निघत नाहीत. संस्थेला हे कळतं ते रविवारी, नाट्यगृहाच्या दारात लोक बँकेचे एसएमएस दाखवत उभे राहतात तेव्हा.

इथे जादा पैसे ‘कापले गेले’ ते यंत्राने परस्पर कापले नाहीत. दोन्ही वेळा प्रेक्षकानेच मंजुरी दिली, आणि दुसरी मंजुरी द्यायला त्याला संकेतस्थळाने भाग पाडलं. म्हणून दुहेरी वसुली टाळण्याचं पहिलं काम पडद्यावरच्या वाक्यापासून सुरू होतं. गेटवे स्वतः ‘अयशस्वी’ म्हणत नाही तोवर संकेतस्थळाने तो शब्द वापरू नये. त्याऐवजी लिहावं, ‘तुमच्या बँकेकडून उत्तर यायचं आहे. खुर्च्या राखून ठेवल्या आहेत. कृपया पुन्हा पैसे भरू नका. निकाल लागताच एसएमएसने कळवू. बुकिंग क्रमांक 4127.’ हा मजकूर दिसला की घाबरून दुसऱ्यांदा पैसे भरणं बऱ्याच अंशी थांबतं.

दुसरं काम नोंदवहीचं, म्हणजे डेटाबेसचं. गेटवेकडे जाण्याआधीच बुकिंग 4127 ची ओळ आपल्याकडे लिहून झालेली असली पाहिजे आणि तोच क्रमांक गेटवेच्या ऑर्डरवर पावती क्रमांक म्हणून गेला पाहिजे. ऑर्डर बनवताना नेटवर्क तुटलं, तरी या क्रमांकावरून ‘ऑर्डर बनली होती का?’ असं गेटवेला विचारता येतं आणि नवी ऑर्डर आंधळेपणाने बनवली जात नाही. प्रेक्षकाने पुन्हा प्रयत्न केलाच, तर तो नव्या बुकिंगचा नसून 4127 चाच दुसरा प्रयत्न असतो. रेझरपेमध्ये एका ऑर्डरखाली पैसे भरण्याचे अनेक प्रयत्न राहू शकतात. ते एकत्र दिसले, तरच दोनदा पैसे आले हे नंतर ओळखता येतं. घाईच्या संकेतस्थळात हीच कडी निसटलेली होती. दोन बुकिंगं एकमेकांना अनोळखी होती.

तिसरं काम वेबहुक घेण्याचं. बहुतेक गोंधळ इथेच होतो, त्यामुळे जरा थांबून पाहू. निरोप आला की आधी सही तपासायची. गेटवे आणि दुकानदार यांच्यात एक गुप्त किल्ली ठरलेली असते. तिच्या आधारे निरोपाच्या मूळ मजकुरावरून काढलेली सही सोबत येते. ती जुळली नाही तर निरोप खोटा समजायचा, नाहीतर कुणीही आपल्या पत्त्यावर ‘800 रुपये आले’ असं पाठवू शकेल. सही जुळली की निरोप जसाच्या तसा एका तक्त्यात लिहायचा आणि लगेच ‘मिळालं’ असं उत्तर द्यायचं. बाकी काही तेव्हाच्या तेव्हा करायचं नाही. तिकिटाची पीडीएफ बनवणं, ई-मेल पाठवणं, एसएमएस पाठवणं ही कामं याच पाच सेकंदांत करायला गेलं, तर ई-मेलची सेवा मंद झाली की वेबहुकही अडकतात. ‘गेटवे उशिरा कळवतो’ अशी तक्रार करणाऱ्या दुकानाच्या नोंदी पाहिल्या, तर बऱ्याचदा पहिला निरोप वेळेवर आलेला असतो. दुकानाच्याच सर्व्हरने वेळेत उत्तर दिलेलं नसतं, आणि सगळे धरून बसतात तो चौथा-पाचवा निरोप असतो.

प्रत्येक निरोपाला गेटवेचा स्वतंत्र क्रमांक असतो. तक्त्यात तो दुसऱ्यांदा लिहिता येणार नाही असा निर्बंध घातला, की त्याच निरोपाची दुसरी प्रत आपोआप नाकारली जाते. पण तेवढं पुरत नाही, कारण एकाच व्यवहाराची बातमी वेगवेगळ्या निरोपांतूनही येते, शिवाय ब्राउझरच्या वाटेनेही येते. म्हणून खरा पहारा बुकिंगच्या ओळीवरच ठेवावा लागतो.

```sql
UPDATE bookings
SET status = 'paid', payment_id = 'pay_A'
WHERE id = 4127 AND status = 'pending';
```

या तीन ओळींचा अर्थ असा की 4127 हे बुकिंग अजून `pending` असेल तरच त्याला `paid` कर. वेबहुक, ब्राउझर आणि आपली स्वतःची विचारणा असे तिघे एकाच क्षणी आले, तरी डेटाबेस त्यांतल्या एकालाच ‘एक ओळ बदलली’ असं सांगतो. तिकीट काढायचा अधिकार फक्त त्याला. त्याच व्यवहारात ‘तिकीट पाठवायचं बाकी’ अशी नोंदही लिहायची, म्हणजे पुढच्याच क्षणी सर्व्हर बंद पडला तरी तिकीट विसरलं जात नाही.

बाकीच्या दोघांना ‘शून्य ओळी बदलल्या’ असं उत्तर मिळतं. इथे अनेक प्रोग्राम ‘झालंय काम’ असं समजून पुढे जातात, आणि नेमकी इथेच दुसऱ्यांदा आलेली रक्कम नजरेआड होते. शून्य ओळी बदलल्या की बुकिंग उघडून पाहायलाच हवं. ते `paid` आहे आणि पेमेंटचा क्रमांकही तोच आहे, तर काही करायचं नाही. ते `paid` आहे, पण क्रमांक वेगळा आहे, म्हणजे याच बुकिंगचे पैसे पुन्हा आलेत. ते तिथल्या तिथे परतीच्या रांगेत टाकायचे. परतीलाही असाच पहारा लागतो, कारण अर्धवट परतीची आज्ञा दोनदा गेली तर पैसेही दोनदा जाऊ शकतात. बुकिंग मुदत संपून रद्द झालेलं असेल, तर खुर्च्या अजून मोकळ्या आहेत का ते पाहायचं. मोकळ्या असतील तर द्यायच्या. विकल्या गेल्या असतील तर पैसे परत करून कळवायचं. परस्पर एफ रांगेतल्या खुर्च्या चिकटवू नयेत. प्रेक्षकाने पैसे सी रांगेचे भरले आहेत.

एवढं करूनही वेबहुक आलाच नाही तर? म्हणून वाट पाहत न बसता आपणच गेटवेला विचारायचं, की या ऑर्डरखाली कोणकोणते प्रयत्न झाले आणि त्यांची स्थिती काय आहे. वेबहुकला मी केवळ सूचना मानतो. निर्णय घ्यायचा तो गेटवेच्या नोंदीवरून. पण किती वेळा विचारायचं यालाही मर्यादा असते, आणि ती तोडली तर काय होतं हे देशाने 12 एप्रिल 2025 रोजी अनुभवलं. त्या दिवशी यूपीआय कित्येक तास विस्कळीत झालं. ‘या व्यवहाराचं काय झालं?’ अशा स्थिती-विचारणांचा पूर आला आणि काही बँकांकडून जुन्या व्यवहारांसाठीही पुन्हा पुन्हा विचारणा होत राहिली, असं कारण पुढे आलं. त्यानंतर एनपीसीआयने बँकांना बजावलं की पहिली विचारणा 90 सेकंदांनंतर करा आणि दोन तासांत तीनपेक्षा जास्त विचारणा करू नका. हा नियम बँकांसाठी आहे, दुकानदार गेटवेला विचारतो. तरी दर दोन सेकंदांना विचारून उत्तर लवकर येत नाही, हे तिथेही खरं आहे. आपल्या नाटकाच्या संकेतस्थळासाठी मी दीड मिनिटाने, मग पाच, पंधरा मिनिटांनी, मग तासाने आणि त्यानंतर दिवसातून थोड्या वेळा, अशी लांबत जाणारी अंतरं ठेवेन.

आता तोच प्रसंग या संकेतस्थळावर पाहू. 7:02 ला 4127 ची ओळ आणि तिची एकच ऑर्डर. 7:03 ला पैसे कापले, उत्तर अडकलं. पडद्यावर ‘पुन्हा भरू नका’ असा मजकूर. 7:04 ची विचारणा निष्फळ, 7:08 चीही. खुर्च्या राखण्याची दहा मिनिटांची मुदत 7:12 ला संपणार असते, पण पैशांचा प्रयत्न सुरू झालेला असल्यामुळे ती वीस मिनिटांपर्यंत वाढते. प्रेक्षकाला धीर धरवत नाही. 7:10 ला तो त्याच बुकिंगच्या पानावरून कार्डाने पैसे भरतो. कार्डाची बातमी आधी येते, 4127 `paid` होतं, तिकीट जातं. 7:19 ला यूपीआयचे पैसे जमा झाल्याचा वेबहुक येतो. सही जुळते, निरोप लिहिला जातो, ‘मिळालं’ असं उत्तर जातं. मागाहून चालणारं काम बुकिंग उघडतं, पेमेंट क्रमांक वेगळा दिसतो, 800 रुपये परतीला लागतात आणि प्रेक्षकाला एसएमएस जातो की पहिले पैसेही मिळाले होते, ते परत पाठवले आहेत.

‘पेंडिंग’ असताना दुसरा प्रयत्न करू द्यावा का, यावर डेव्हलपरांत मतभेद आहेत. माझं मत रकमेवर ठरतं. 800 रुपयांच्या तिकिटाला, स्पष्ट इशारा देऊन, करू द्यावा. कारण अडकलेलं उत्तर कधी कधी दुसऱ्या दिवसापर्यंत येत नाही आणि नाटक तोवर होऊन जातं. कॉलेजची लाखभर रुपयांची फी असेल तर करू देऊ नये. तेवढी रक्कम काही दिवस दोनदा अडकली, तर घराचं महिन्याचं गणित मोडतं.

अडकलेले पैसे शेवटी कुठे जातात हेही ग्राहकाला नीट सांगता आलं पाहिजे. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकानुसार यूपीआयने किंवा ऑनलाइन कार्डाने व्यापाऱ्याला पैसे देताना खात्यातून रक्कम कापली गेली, पण व्यापाऱ्याला खात्री मिळाली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत बँकेने ती आपणहून परत केली पाहिजे. उशीर झाला तर ग्राहकाला दर दिवसाला 100 रुपये भरपाई मिळते. पण हा नियम अयशस्वी व्यवहारांसाठी आहे. गेटवेकडे `captured` अशी नोंद असेल, तर ते पैसे व्यापाऱ्याला मिळालेले आहेत आणि परत करण्याची जबाबदारीही त्याचीच. मदत केंद्रावर बसलेल्या माणसाला हा फरक माहीत नसला, की तो प्रत्येकाला ‘पाच-सात दिवसांत येतील’ असं सांगतो, आणि संस्थेकडे पडून असलेले पैसे परत जायचे राहून जातात. त्याने ग्राहकाकडे यूपीआय ॲपमध्ये दिसणारा 12 अंकी संदर्भ क्रमांक मागावा आणि त्यावरून गेटवेवरची नोंद शोधावी. स्क्रीनशॉटवर तिकीट देऊ नये. तो बनावटही असू शकतो, आणि खरा असला तरी फक्त पैसे निघाल्याचं सांगतो.

एवढ्यानंतरही रात्रीचा ताळा लागतो. काल गेटवेवर जमा झालेल्या सगळ्या पेमेंटची यादी आणि आपल्याकडच्या `paid` बुकिंगची यादी समोरासमोर ठेवायची. गेटवेकडे आहे आणि आपल्याकडे नाही, अशी ओळ म्हणजे पैसे भरूनही तिकीट न मिळालेला माणूस. तिच्यावर सकाळ व्हायच्या आत काम झालं पाहिजे. आपल्याकडे आहे आणि गेटवेकडे नाही, अशी ओळ निघाली तर प्रोग्राममध्ये कुठेतरी पैसे न पाहता तिकीट दिलं जातंय. दोन्हीकडे आहे पण रक्कम वेगळी, हेही पाहायचं, कारण गेटवे रक्कम पैशांत मोजतो. 800 रुपये तिथे 80000 असतात, आणि शंभराच्या पटीची चूक अशीच होते. ताळा नेमका मध्यरात्री तोडू नये. 11:58 ला सुरू झालेलं पेमेंट 12:04 ला जमा होतं, आणि सर्व्हरचं घड्याळ भारतीय वेळेपेक्षा साडेपाच तास मागे असेल तर तारखाच बदलतात. आधीच्या दोन-तीन दिवसांच्या नोंदी प्रत्येक वेळी पुन्हा तपासल्या, तर उशिरा आलेले व्यवहारही सापडतात.

हे सगळं खरंच चालतं का, याची परीक्षा गेटवेच्या चाचणी खात्यावर एका दुपारात घेता येते. एकच वेबहुक तीनदा पाठवायचा. यशाचा निरोप आधी आणि अपयशाचा नंतर, असे उलट क्रमाने पाठवायचे. बुकिंग `paid` झाल्यावर आणि तिकीट निघायच्या आधी सर्व्हर मुद्दाम बंद करून पुन्हा चालू करायचा. एका बुकिंगवर दोन वाटांनी पैसे भरायचे. शेवटी वेबहुकचा पत्ताच तासभर बंद ठेवायचा आणि त्या तासात भरलेल्या पैशांची तिकिटं, कुणी हात न लावता, फक्त आपल्या विचारणेतून निघतात का ते पाहायचं.